छोटा बुडबुडा मोठ्यात रिकामा होतो म्हणे... मग आमचा मोठाच का आटला?

खारूताई

लेकीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात एक प्रश्न आहे: वेगवेगळ्या त्रिज्येचे साबणाचे दोन बुडबुडे नळीने जोडले तर काय होईल? उत्तरही दिलंय. छोट्याच्या आत दाब जास्त, म्हणून छोट्यातली हवा मोठ्यात जाते. छोटा आणखी छोटा होतो आणि मोठा आणखी मोठा. लेकीला हे पटेना. तिचं म्हणणं, दोन्ही सारखे व्हायला हवेत. मग काय, करूनच बघू म्हटलं.

साहित्य असं: सलाइनच्या नळीला लावतात ती तीन तोंडांची तोटी, तिच्या दोन तोंडांना बारीक लवचीक नळ्या, तिसरं तोंड फुंकायला. नळीचं आतलं छिद्र २ मिमीचं, दोन्ही बाजू मिळून लांबी साधारण २० सेंमी. एका टोकाला ८ मिमी रुंद तोंडाचं नळकांडं. तसंच दुसरं सापडेना, म्हणून दुसऱ्या टोकाला ४ सेंमी तोंडाचं छोटं नरसाळं. भांडी घासायचं द्रव, पाणी आणि थोडं ग्लिसरीन.

नळकांड्यावर ३ सेंमी व्यासाचा छान गोल बुडबुडा काढला. नरसाळ्यावर फुंकताना दम संपला, तिथे जेमतेम पाऊण-एक सेंमी उंचीचा घुमट झाला. म्हणजे नरसाळ्यावरचा छोटा आणि नळकांड्यावरचा मोठा. तोटी फिरवून दोन्ही जोडले. अर्ध्या मिनिटात नळकांड्यावरचा मोठा पार आटला आणि घुमट फुगून टम्म झाला! लेक म्हणते, "बघ, पुस्तक चुकलंय."

तीनदा केलं, तिन्ही वेळा हेच. पुस्तक चुकलंय की आम्ही?

चकवा

पुस्तक चुकलं असेल तर लेकीला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळायला हवेत. मागणी लावून धरा.

भुंगा

पुस्तक बरोबर आहे. आतला जादाचा दाब 4γ/R, γ म्हणजे पृष्ठताण. R छोटा, दाब मोठा. छोट्या बुडबुड्यात हवा जास्त दाबून भरलेली असते, म्हणून ती जोर करून मोठ्यात घुसते आणि छोटा पूर्ण नाहीसा होतो. तुमची तोटी उलटी फिरली असणार, किंवा नळी कुठेतरी गळत असणार. मोठ्या बुडबुड्यातली हवा बाहेर गेली, बाकी काही नाही.

खारूताई

@भुंगा, हवा बाहेर गेली असती तर घुमट कसा फुगला?

भुंगा

हं. तेही खरंच.

निळी_शाई

मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. दोन बुडबुडे एकमेकांना चिकटले की हवा इकडून तिकडे जात नाही. मधे एक पडदा तयार होतो आणि तो मोठ्या बुडबुड्याच्या बाजूला फुगतो. दोघंही तसेच राहतात. त्यामुळे दोन्ही आकार बदलायचा प्रश्नच नाही.

जुना_मास्तर

निळी शाई, तुम्ही सांगताय ते खरं, पण प्रश्न वेगळा आहे. इथे बुडबुडे एकमेकांना टेकलेलेच नाहीत. मधे नळी आहे आणि नळीत पडदा नाही. तरी तुमचं निरीक्षण उपयोगी आहे, त्याकडे मागाहून येतो.

खारूताई, पुस्तक बरोबर आहे आणि तुम्हीही. घोळ फक्त "छोटा" या शब्दात झालाय.

सूत्रातला R म्हणजे बुडबुडा डोळ्यांना केवढा दिसतो किंवा त्यात हवा किती मावते ते नव्हे. तो पडद्याच्या बाकाची त्रिज्या. तुमच्या घुमटाची कड मनातल्या मनात पुढे वाढवून पूर्ण गोळा काढून बघा. नरसाळ्याच्या तोंडाची त्रिज्या २ सेंमी. घुमटाची उंची ०.८ सेंमी धरू. तोंडाच्या त्रिज्येचा वर्ग ४, उंचीचा वर्ग ०.६४, बेरीज ४.६४, तिला उंचीच्या दुपटीने, म्हणजे १.६ ने भागलं की २.९ सेंमी. तुमचा चिमुकला घुमट हा २.९ सेंमी त्रिज्येच्या गोळ्याचा वरचा काप आहे. नळकांड्यावरच्या बुडबुड्याची त्रिज्या १.५ सेंमी. सूत्राच्या हिशेबात घुमट जवळजवळ दुप्पट "मोठा" ठरतो, मग हवा त्यात फक्त ५ घनसेंमी असेना का, आणि गोल बुडबुड्यात १४ असेना का.

आता दाब. साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण साधारण ०.०२५ न्यूटन प्रति मीटर धरा. गोल बुडबुड्यात बाहेरच्या हवेपेक्षा ६.७ पास्कल जास्त, घुमटात साधारण ३.४. हवा कुठून कुठे जाणार ते दिसतंच आहे.

खारूताई

अरे देवा. म्हणजे चपटा तेवढा "मोठा". हे लेकीला आत्ताच्या आत्ता सांगते.

शून्यवत

मास्तर, एक बाळबोध शंका. ४ कुठून आला? थेंबाच्या बाबतीत 2γ/R वाचल्याचं आठवतंय.

जुना_मास्तर

बुडबुडा मनाने मधोमध कापा. एक अर्धगोल दुसऱ्याला धरून ठेवतोय तो कापलेल्या कडेवरच्या ताणाने. कडेची लांबी 2πR. पण साबणाच्या पडद्याला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पृष्ठभाग आहेत, म्हणून ओढ दुप्पट, 4πRγ. आतला जादाचा दाब त्या अर्धगोलाला ढकलतोय πR² एवढ्या वर्तुळावर. दोन्ही सारखे मांडा, 4γ/R मिळतं. थेंबाला एकच पृष्ठभाग, म्हणून तिथे २.

भुंगा

म्हणजे माझं सूत्र बरोबर होतं, फक्त R कुठला ते चुकलं. अर्धे गुण तरी द्या.

तिरकस

अर्धे नाही, पाव. "हवा जास्त दाबून भरलेली" हेही फसवं आहे. ६.७ पास्कल म्हणजे किती? बाहेरच्या हवेचा दाब एक लाखाच्या वर. म्हणजे पंधरा हजारांत एक भाग. खुर्चीतून उठून उभं राहिलं की डोक्याभोवतीचा हवेचा दाब जवळपास तेवढ्याने कमी होतो, कारण १० पास्कल म्हणजे जेमतेम ८५ सेंमी उंचीचा हवेचा स्तंभ. एवढ्याशा दाबाने हवा आकसत नाही. म्हणूनच हिशेबात आकारमान जसंच्या तसं धरता येतं: एकातून गेली तेवढी दुसऱ्यात आली.

चकवा

म्हणजे मी सकाळी अंथरुणातून उठतो तेव्हा एका बुडबुड्याएवढा दाब झुगारून उठतो. उगाच नाही दमायला होत.

डॉ_पाखरू

अवांतर आहे, पण राहवत नाही. मी नवजात बाळांच्या विभागात काम करते आणि हा प्रश्न आम्हाला रोज वेगळ्या रूपात भेटतो. फुफ्फुसातल्या वायुकोशांना आतून ओलसर थर असतो. साधारण ०.१ मिमी त्रिज्या धरा आणि थर नुसत्या पाण्याचा आहे असं समजा (तिथे पृष्ठभाग एकच, म्हणून २ ने गुणायचं), तर दाब येतो १४०० पास्कल. म्हणजे १४ सेंमी पाण्याचा स्तंभ, प्रत्येक श्वासाला. शिवाय सगळे कोश श्वासनलिकांनी एकमेकांना जोडलेले. खारूताईंच्या नळीसारखंच की. मग छोटे कोश मोठ्यांत रिकामे का होत नाहीत?

शिकताना आम्हाला उत्तर मिळालं ते असं: थरात एक द्रव्य असतं, ते कोश आकसला की पृष्ठताण खूप खाली आणतं. R निम्मा झाला पण γ निम्म्याहून कमी झाला, तर दाब वाढायच्या ऐवजी घटतो. फार लवकर जन्मलेल्या बाळांत ते द्रव्य पुरेसं नसतं. १९५९ मध्ये एव्हरी आणि मीड यांनी ते दाखवलं. आज आम्ही ते द्रव्य नळीवाटे बाळाच्या फुफ्फुसात सोडतो, आणि काही वेळातच बाळाचं छाती ओढणं कमी होताना दिसतं. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी घड्याळाकडे बघत उभी असते.

तिरकस

डॉक्टर, द्रव्याचं पटलं. पण वायुकोश हे सुटे बुडबुडे नाहीत ना? शेजाऱ्याशी भिंत सामाईक. एक आकसायला लागला की शेजारी त्याला ओढून धरणार. मग "दोन बुडबुडे आणि नळी" हे चित्र तिथे लावायचं तरी कितपत?

डॉ_पाखरू

तुमचा मुद्दा योग्य आहे. पुस्तकात द्राक्षांच्या घडासारखं चित्र असतं आणि ते दिशाभूल करतं. भिंतींची ओढ आणि ते द्रव्य, दोन्ही कामाला येतात. कुणाचा वाटा किती यावर मी इथे वाद घालणार नाही. द्रव्य नसलं की काय होतं तेवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

निळी_शाई

मास्तर, माझ्याकडे मागाहून येणार होतात.

जुना_मास्तर

आलोच. तुमचा मधला पडदा मोठ्याच्या बाजूला फुगतो, तेच छोट्यात दाब जास्त असल्याची खूण आहे. ३ सेंमी आणि १.५ सेंमी त्रिज्येचे बुडबुडे चिकटले तर दाबांतला फरक साधारण ३.३ पास्कल. तो फरक त्या पडद्याने पेलायचा, म्हणून पडद्यालाही तेवढाच बाक हवा. त्याची त्रिज्या येते ३ सेंमी. हवा जात नाही कारण वाट बंद आहे. नळी ही उघडी वाट. अर्थात बंद म्हटलं तरी पूर्ण बंद नाही. पडद्यातून हवा अगदी हळूहळू झिरपते आणि तीही छोट्याकडून मोठ्याकडेच. भांड्यातला फेस तासाभराने बघा. बारीक बुडबुडे गेलेले असतात, मोठे आणखी मोठे झालेले.

निळी_शाई

मग मी चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं म्हणायचं. चालेल.

खारूताई

नवीन बातमी. दुसरं ८ मिमीचं नळकांडं मिळालं. आता दोन्ही तोंडं सारखी. एकीकडे ६ सेंमी व्यासाचा, दुसरीकडे ३ सेंमीचा, दोन्ही अगदी गोल. तोटी उघडली.

काही नाही! दोन्ही मख्ख. मिनिटभर वाट पाहिली, मग मोठा फुटला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लेक म्हणते पुस्तक परत चुकलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?

भुंगा

आता मात्र तोटीच. लावा पैज.

फेसाळ

माझं काम साबण-डिटर्जंटचंच आहे, म्हणून एक शंका मांडतो. γ स्थिर धरला जातोय, पण साबणाचा पडदा इतका साधा नसतो. छोटा बुडबुडा आकसायला लागला की त्याच्या पृष्ठभागावरच्या साबणाच्या रेणूंची गर्दी होते, γ थोडा उतरतो. मोठा ताणला जातो, तिथे गर्दी विरळ होते, γ थोडा चढतो. दोन्हींमुळे दाबातला फरक कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलं तोच प्रकार, फक्त सौम्य. ग्लिसरीन आणि जाड द्रव असेल तर आणखी मंद. तुमचे बुडबुडे त्यामुळे अडले असतील.

जुना_मास्तर

फेसाळ, परिणाम खरा आहे, पण त्याने पूर्ण अडेल असं मला वाटत नाही. इथे दाबात दुपटीचा फरक आहे; त्यासाठी छोट्याचा γ जवळपास निम्म्यावर यायला हवा. साध्या साबणात आतल्या द्रवात रेणूंचा साठा भरपूर असतो. पृष्ठभागावर गर्दी झाली तर ते आत बुडी मारतात आणि γ परत जागेवर येतो.

मला आधी नळी बघायची आहे. खारूताई, तीन गोष्टी सांगा. नळकांडी द्रवात बुडवून काढता की थेंबाने लावता? नळी मधे लोंबते का? आणि नळी पारदर्शक असेल तर सगळ्यात खालच्या जागी काही दिसतं का?

खारूताई

बुडवूनच काढतो. नळी मधे झोळीसारखी लोंबते, टोकं हातात धरलेली असतात. आणि हो!! खालच्या बाकात एक-दीड सेंमी द्रव साचलाय. तो काय करणार पण? एवढासा तर आहे.

जुना_मास्तर

तोच कुलूप आहे. हिशेब बघा. दोन बुडबुड्यांतला दाबाचा फरक ३.३ पास्कल. पाण्याच्या स्तंभात मोजला तर एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे नळीच्या झोळीत पाणी साचलेलं असेल, तर छोट्याकडची पातळी आणि मोठ्याकडची पातळी यांत ०.३४ मिमी फरक पडला की खेळ खलास. तेवढ्या उंचीने सगळा दाब पेलला. हवा पुढे जायला तो द्रव उचलून पलीकडे ढकलावा लागेल, आणि एक सेंमी उंच पाणी उचलायचं तर शंभर पास्कल हवेत. तुमच्या छोट्याकडे आहेत ६.७.

तुम्ही नकळत दाबमापक बनवलात. फक्त २ मिमीच्या नळीत त्याचा काटा केसभर हलतो, म्हणून दिसला नाही.

चकवा

म्हणजे बुडबुड्यांची काही चूक नाही, खाली पाणी तुंबलंय.

तिरकस

पहिल्या वेळी नरसाळ्याचा प्रयोग याच नळीने झाला ना? तेव्हा कसं नाही अडलं?

खारूताई

तेव्हा नळी कोरी होती. तीनच फेऱ्या झाल्या आणि आम्ही खूश होऊन थांबलो. मग तीच नळी न धुता, न झटकता वापरली.

जुना_मास्तर

मग हे करा. नळी फुंकून कोरडी करा. टोकं खाली आणि मधला भाग वर, अशी कमान करून बांधा. बुडबुडे खाली लोंबू द्या. ओघळलेला द्रव आत न जाता बाहेर ठिबकेल. नळकांडी बुडवायची ती फक्त कडेपुरती. तोटी उघडायच्या आधी नळी उजेडात धरून आडवा पडदा कुठे अडकलाय का ते बघा. बारीक नळीत द्रवाचे छोटे बोळे बसतात, आणि एवढ्याशा दाबाला तेही पुरतात.

वेळेचा अंदाजही देतो म्हणजे ताडून बघता येईल. २ मिमी छिद्र, २० सेंमी लांबी, ३.३ पास्कल: सुरुवातीला सेकंदाला ०.३६ घनसेंमी हवा वाहील. छोट्यात १४ घनसेंमी आहे. पण छोटा आकसेल तसा त्याचा दाब वाढतो आणि वेगही. म्हणून चाळीस न लागता पंचवीसेक सेकंद. सुरुवातीला "हलतोय की नाही" असं वाटेल आणि शेवटी एकदम गडगडेल.

शून्यवत

आणि मग तो नाहीसा होणार? भुंग्यांनी वर तसं लिहिलंय.

भुंगा

होणारच. छोटा झाला की दाब वाढतो, दाब वाढला की आणखी छोटा. शून्यावरच जाऊन थांबेल. शून्य त्रिज्या, अनंत दाब.

तिरकस

अनंत दाब ८ मिमीच्या नळकांड्यावर?

जुना_मास्तर

भुंगा, अर्ध्या वाटेपर्यंत तुम्ही बरोबर आहात. पण पडदा नळकांड्याच्या कडेला धरलेला आहे हे विसरू नका. कडेची त्रिज्या ४ मिमी. बुडबुडा आकसत आकसत नेमका अर्धगोल उरला की त्याच्या बाकाची त्रिज्या ४ मिमी, दाब २५ पास्कल. हा कळस. त्याहून लहान त्रिज्येचा पडदा त्या कडेवर बसूच शकत नाही. पुढे हवा गेली की तो अर्धगोलाचा चपटा घुमट होतो, आणि चपटा म्हणजे बाकाची त्रिज्या वाढते. दाब उतरू लागतो. २५ वरून २०, १०, ५... मोठ्याच्या दाबाएवढा झाला की थांबला.

मोठ्याचं काय होतं? ३ चा घन २७, १.५ चा घन ३.३७५, बेरीज ३०.३७५, तिचं घनमूळ ३.१२. सगळी हवा पचवून मोठ्याची त्रिज्या फक्त १.२ मिमीने वाढली. आता छोट्याच्या उरलेल्या पडद्याचा बाकही ३.१२ सेंमी त्रिज्येचा. ८ मिमी रुंद तोंडावर असा घुमट जेमतेम पाव मिलिमीटर उंच असतो. डोळ्यांना सपाट वाटेल. म्हणून लोक म्हणतात "नाहीसा झाला".

खारूताई

म्हणजे शेवटी दोन्ही सारखेच झाले! लेक पहिल्यापासून हेच म्हणत होती!

तिरकस

बाकाच्या त्रिज्येने सारखे. तिच्या मनात आकाराने सारखे असणार. तरी वकिली करायला जागा आहे खरी.

चकवा

पूर्ण गुण. मी म्हटलंच होतं.

शून्यवत

आणि दोन्ही आधीच अगदी सारखे असले तर? दाब सारखा, मग तसेच राहतील ना?

जुना_मास्तर

राहतील, पण टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखे. एकात किंचित हवा जास्त गेली की त्याचा दाब घटतो, म्हणून आणखी जाते. शिवाय दोन सारख्यांपेक्षा एकच मोठा झाला तर पडद्याचं एकूण क्षेत्रफळ साधारण वीस टक्क्यांनी कमी होतं. पडद्याला तेच हवं असतं.

भुंगा

माझ्याकडे याला उलटा पुरावा आहे. रबरी फुगे! दोन फुगे नळीने जोडले, एक जास्त फुगवलेला, एक कमी. हवा थोडी गेली, पण छोटा रिकामा झालाच नाही. मधेच थांबला. आणि एकदा तर मोठ्यातून छोट्यात गेली.

तिरकस

रबराची ओढ साबणासारखी स्थिर नसते. ताणाल तशी बदलते. फुगा फुगवताना सुरुवातीला गाल दुखतात, मग सोपं जातं, आणि फुटायच्या आधी परत जड जातं. म्हणजे दाब आधी चढतो, मग उतरतो, मग पुन्हा चढतो. दोन फुगे त्या वाटेवर वेगवेगळ्या जागी उभे राहून एकाच दाबाला थांबू शकतात. मोठा फुटायच्या बेताला आला असेल तर त्याचाच दाब जास्त.

भुंगा

रबराचा नियम साबणाला लावायचा नाही. नोंदवून ठेवलं.

खारूताई

झालं!!! कमान करून, नळी कोरडी करून केलं. २६, २३ आणि २८ सेकंद (लेकीने मोजले). शेवटच्या दोन-तीन सेकंदांत छोटा अक्षरशः गिळल्यासारखा गेला. आणि नळकांड्याच्या तोंडावर पडदा शाबूत होता. तिरक्या उजेडात धरला तर त्यात रंगाचे पट्टे दिसत होते. लेकीने त्यावर हलकेच फुंकर मारली तर आत गेला आणि परत आला.

मग सारखेसुद्धा करून पाहिले. दोन्ही साधारण ४ सेंमी व्यासाचे. नळी स्वच्छ होती, मी दोनदा बघितलं. चाळीस सेकंद काहीच हललं नाही. मग एक फुटला. परत केलं, मिनिटभर तसेच. पेन्सिल पडायला एवढा वेळ?

फेसाळ

हेच मी म्हणत होतो. दाबातला फरक अगदी थोडा असेल तर γ मधला बारीकसा बदलही तो खाऊन टाकतो. एकदम अर्धा व्हायची गरजच नाही इथे. सारख्या बुडबुड्यांना साबणच सावरून धरतोय.

जुना_मास्तर

फेसाळ, तुमचं म्हणणं इथे आधीपेक्षा जड आहे. तरी आधी साधा हिशेब करू. तुमच्याच नळीतून, २ सेंमी त्रिज्येचे दोन बुडबुडे. किंचित फरक असेल तर तो पावणेतीन पट व्हायला सुमारे ९० सेकंद लागतात. सुरुवातीला त्रिज्येत एक टक्का फरक असेल तर दीड मिनिटानंतर पावणेतीन टक्के. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, आणि तुमचे बुडबुडे तोवर फुटतात. म्हणजे साबणाची मदत न घेताही "काहीच हललं नाही" असंच दिसेल.

हा वेळ त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो. त्रिज्या निम्मी केली की वेळ सोळाव्या हिश्शावर. तेव्हा १ सेंमी त्रिज्येचे दोन सारखे बुडबुडे काढा. तिथे ९० चे साडेपाच-सहा सेकंद होतात. अर्ध्या मिनिटात कुणीतरी एक हरायला हवा. तरीही दोन्ही तसेच राहिले, तर मी फेसाळ यांच्या बाजूने.

फेसाळ

मान्य. पण एकदा ग्लिसरीन घालून आणि एकदा न घालता, दोन्ही करा. आणि द्रव थोडा पातळ करून एकदा. साबण कमी असेल तर पृष्ठभागावरची गर्दी जागेवर यायला वेळ लागतो, माझा परिणाम असेल तर तिथे जास्त दिसायला हवा.

तिरकस

आणि कोण हरतो ते दर वेळी लिहून ठेवा. एकच बाजू सारखी हरत असेल तर तिथलं तोंड किंचित वेगळं आहे, किंवा त्या बुडबुड्याच्या बुडाशी थेंब लोंबतोय.

खारूताई

आत्ताच चार वेळा केले, १ सेंमीचे. ग्लिसरीन घालून. तीनदा डावा हरला, वीस ते तीस सेकंदांत. चौथ्या वेळी पंचेचाळीस सेकंद दोन्ही तसेच, मग उजवा हरला. पातळ द्रवाचे बुडबुडे दहा सेकंदही टिकत नाहीत, फुटतात.

फेसाळ

पंचेचाळीस!

जुना_मास्तर

सुरुवातीचा फरक अगदी केसाएवढा असेल तर पंचेचाळीसही लागतील. एका वेळेवरून काही ठरत नाही. डावं तोंड मात्र कॅलिपरने मोजा.

चकवा

आणि लेकीला उजव्या बाजूला बसवा.

खारूताई

ती डावीकडेच बसते. फुंकतेही तीच. उद्या जागा बदलून बघतो.